तिला पोच द्यायची राहिली आहे

ताईंना नमस्कार. माझं वय ७८. दापोली तालुक्यात खाडीजवळ गाव. बायको गेली त्याला येत्या चैत्रात वर्ष होईल. १९६६ ला मी मुंबईला गिरणीत लागलो. ती गावी, माझे आईवडील, शेती आणि दोन पोरं घेऊन. संपात पगार बंद झाला, वर्षभर वाट बघून १९८३ च्या पावसाआधी परत आलो. मग दापोलीत वॉचमन होतो. १९९१ ला फळबाग योजनेतून ४० कलमं लावली ती तिनेच जगवली. निसर्ग वादळात काही पडली, आज २९ उभी आहेत. तिला एक पत्र लिहून वर्षश्राद्धाला फोटोपुढे ठेवावं असं मनात आहे. चार वेळा बसलो, पण ‘तू माझ्यासाठी खूप केलंस’ याच्या पुढे हात चालत नाही. ट्रंकेत मनीऑर्डरच्या पोचपावत्या सापडल्या, आधीच्यांवर अंगठा आणि नंतरच्यांवर तिची सही. त्या बघत बसतो आणि उठतो. मुलगा म्हणतो, भटजी करतात ते पुरे. वर आशीर्वाद लिहू की नमस्कार? हयातीत कधी दोन शब्द बोललो नाही, आता लिहिणं म्हणजे ढोंग तर नव्हे?
— एक वाचक

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी सलग तीन वेळा वाचलं, आणि दर वेळी त्या पोचपावत्यांपाशी थांबले. ज्याच्यासाठी चार वेळा पाटावर बसलात ते ट्रंकेतच आहे असं मला वाटतं. म्हणून तिथूनच सुरू करते.

मनीऑर्डरच्या फॉर्मला दोन तुकडे जोडलेले असायचे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एका तुकड्यावर दोन ओळी मजकुराला जागा असे, तो पोस्टमन पैशांबरोबर घरी देई. दुसरा तुकडा पोचेचा. त्यावर पैसे घेणाराची सही किंवा अंगठा, आणि तो तुकडा उलट पाठवणाराकडे. म्हणजे तुम्ही मुंबईहून जे जे पाठवलंत, त्याची पोच तिने प्रत्येक वेळी दिली. तुम्ही ती जपलीतही.

आता उलट बाजू आठवा. तिच्याकडून तुम्हाला काय काय येत होतं? गावचा कोणी मुंबईला निघाला, एसटीने किंवा बोटीने, की त्याच्या हाती एक गाठोडं असायचंच. कुळथाचं पीठ, घरचा तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं, फणसाचे तळलेले गरे, आंब्याचं साठ. गिरणगावातल्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांपर्यंत गावची चूल अशीच पोचत होती. त्या गाठोड्याला पोचपावतीचा तुकडा जोडलेला नसे. मिळालं की नाही, खाल्लं की नाही, कमी पडलं की नासलं, हे तिला कोणी कळवत नव्हतं. पुढच्या खेपेला कोणी निघालं की ती पुन्हा बांधत होती.

तुमचं पत्र ही ती पोच आहे. कृतज्ञतेचं पत्र म्हटलं की माणूस सभेतल्यासारखं बोलू लागतो आणि ‘तू खूप केलंस’ पाशी अडकतो. पोच द्यायला बसलं की हात वेगळा चालतो, कारण पोचेत काय मिळालं तेवढंच लिहायचं असतं. वस्तू, किती, कधी. आपल्या जुन्या पत्रांची सुरुवातच अशी असे: पत्र पावले, मजकूर समजला. तुमच्या पत्राचं पहिलं वाक्य मी सुचवू का? ‘तू पाठवलेलं सगळं मिळालं, कळवायचं राहिलं.’ आवडलं नाही तर बदला. पण ‘खूप’ या शब्दाने सुरू करू नका. ‘खूप’ लिहिलं की पुढे लिहायला काहीच उरत नाही.

ढोंगाचंही याच जागी सांगते. ढोंग म्हणजे जे मिळालं नाही त्याची पोच देणं. ती अन्नपूर्णा होती, देवी होती, तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही, असलं काही तुम्ही लिहिलंत तर मी त्याला ढोंग म्हणेन. कारण ती तुमच्यावर चिडत असणार, सासूशी तिचं कधी तरी वाजलं असणार, आणि तुम्ही ते बघितलेलं आहे. मिळालेलं मिळालं म्हणून लिहिलंत तर ते उशिराचं होईल, खोटं होणार नाही.

तरी लिहायला बसण्याची घाई नको. आधी दहाएक दिवस नुसतं गोळा करा. त्या पावत्या तारखेप्रमाणे लावा. शिक्क्यावरची तारीख पुसट झाली असेल तर दुपारच्या उन्हात पडवीत तिरकी धरून बघा, किंवा नातवंडाला मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवायला सांगा. मग दोन ठिकाणी थांबा.

पहिली जागा म्हणजे जिथे अंगठा संपतो आणि सही सुरू होते. अंगठ्याच्या पावतीवर शेजारी साक्षीदाराची सही असते, कारण लिहिता न येणाऱ्या माणसाला पैसे देताना पोस्टमनला ती घ्यावी लागे. ते नाव वाचा. शेजारचं कोणी असेल, शाळेतले गुरुजी असतील, भावकीतला पोरगा असेल. त्यांपैकी कोणी आज असेल तर त्यांच्याकडे जाऊन बसा. आणि ज्या महिन्यात सही आली, त्याच्या आदल्या महिन्यांत काय घडलं ते विचारा. दिवसभर लावणी करून आलेली बाई रात्री कंदिलापाशी पाटीवर आपलं नाव गिरवते, ते उगीच नव्हे. तिला कोणी शिकवलं? तुमच्या पोरानेच का, शाळेतून येऊन? तुम्हाला ती सही मुंबईत मिळाली तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल तर ते लिहा. नसेल आलं तर तेही लिहा, एका ओळीत.

दुसरी जागा याहून अवघड आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. म्हणजे तुमच्या गठ्ठ्यातली शेवटची पावती त्याच सुमाराची असणार, फार तर एखाद-दुसरी उसनवारीच्या पैशांची पुढे. तिथून तुम्ही १९८३ च्या पावसाआधी घरी आलात तोवरच्या सवा वर्षाची एकही पावती नाही. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्या संपात होते, आणि त्यांच्यातल्या कोकणातल्या घरांमध्ये पोस्टमन नुसता दारावरून पुढे जाऊ लागला. तुमच्या घरी तेव्हा म्हातारे आईवडील, दोन पोरं, आणि ती. ते घर चाललं. कशावर चाललं, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का?

माझा अंदाज आहे की नाही विचारलं. आपल्या अपयशाने खचून घरी आलेला माणूस असलं विचारत नाही, आणि ती आपणहून सांगणार नाही. म्हणून आता दुसऱ्यांना विचारा. तुमची भावजय असेल, शेजारीण असेल, तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली तुमची मोठी मुलं असतील. पोरांना त्या वयातलं बरंच आठवतं, पण आईबद्दल वडिलांना सांगायचं नाही अशी त्यांची समजूत असते. प्रश्न असा विचारा: ‘मी मुंबईत अडकलो होतो त्या वर्षी आई कुणाच्या शेतावर जायची? लाकडाच्या मोळ्या विकल्या का? काही गहाण टाकलं का?’ नुसतं ‘आईने तेव्हा काय केलं’ असं विचारलंत तर ‘खूप केलं’ हेच उत्तर येईल. नाव, जागा, वस्तू यांचा प्रश्न टाकलात की माणूस आठवू लागतो.

एक सांभाळा. या विचारपूशीत एखादी अशी गोष्ट निघेल की जी तिने जाणून लपवली होती. दागिना कोणाकडे ठेवला, कोणाच्या दारात उभी राहिली, कोणी नाही म्हटलं. ती गोष्ट पत्रात लिहा, पण ज्याने नाही म्हटलं त्याचं नाव लिहू नका. ते पत्र पुढे नातवंडांच्या हाती जाईल आणि भावकीत नवा खेळ सुरू होईल. पत्र तिला आहे, त्या माणसाला नाही.

आता कलमांकडे येते. ‘ती तिनेच जगवली’ हे तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलात. त्या अर्ध्या ओळीचं काय होऊ शकतं हे मी करून दाखवते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

डोंगरउतारावर लावलेलं आंब्याचं कलम पहिले दोन-तीन उन्हाळे पाण्यावाचून जगत नाही. एरवी आपली वरकस जमीन माघापासून तापायला लागते, ती मृगाच्या पावसापर्यंत. ते चार महिने, म्हणजे धरून चाला सोळा आठवडे. कलमाला आठवड्यातून दोनदा एकेक हंडा. ४० कलमं, म्हणजे आठवड्याला ८० हंडे. सोळा आठवड्यांचे १२८०. असे तीन उन्हाळे धरले तर ३८४० हंडे. विहीर खाली असणार आणि कलमं वर. जाऊन-येऊन दोनशे मीटर धरलं तर सातशे किलोमीटरच्या वर चालणं झालं, त्यातलं निम्मं डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चढणीचं. दापोलीहून मुंबई साधारण सव्वादोनशे किलोमीटर. म्हणजे तीन वेळा ती मुंबईपर्यंत पोचली असती.

हा हिशेब तिला दाखवण्यासाठी नाही. हंडे किती ते तिला माहीतच होतं. तो तुमच्यासाठी आहे. एकदा तो मांडला की पुढचं वाक्य आपोआप येतं, आणि ते ‘खूप’ सारखं नसतं. त्या हिशेबातून तुमचा परिच्छेद साधारण असा होईल:

‘कलमं लावली त्या पहिल्या उन्हाळ्यात मी रात्रपाळी करून सकाळी घरी यायचो तेव्हा तू पंधरा-वीस खेपा करून न्याहारीला बसलेली असायचीस. पदराचं चुंबळ तसंच डोक्यावर असायचं, ओलं. मी विचारलं नाही की किती राहिले. मी झोपायचो. आता मी हिशेब केला, तीन उन्हाळ्यांत तीन हजार आठशे हंडे होतात. वादळात अकरा गेली. एकोणतीस आहेत. यंदा विहिरीच्या बाजूच्या ओळीला मोहोर चांगला आहे. परवा त्यातलं पहिलं फळ उतरवलं.’

पाहा, यात ‘कष्ट’ हा शब्द आला नाही, ‘त्याग’ आला नाही, ‘उपकार’ही नाही. काय केलंस, तेव्हा मी कुठे होतो, आणि त्याचं आज काय उभं आहे, एवढंच आलं. मला जेवढं समजतं त्यात कृतज्ञतेच्या पत्राला या तीन गोष्टी लागतात. बहुतेक पत्रं मधली गोष्ट गाळतात. मी कुठे होतो हे लिहिलं नाही तर ते कोणीही कोणालाही लिहिलेलं वाटतं. तुम्ही झोपला होतात ते लिहा. रात्रपाळीच्या माणसाने सकाळी झोपणं हा गुन्हा नाही, पण त्या झोपेच्या वेळात बाहेर काय चाललं होतं ते आज तुम्हाला दिसलं, ही खरी बातमी आहे. आणि तुम्ही जर सुट्टीच्या दिवशी बरोबरीने पाणी घातलं असेल तर तेही लिहा. ‘तिनेच’ मधला ‘च’ खरा आहे का ते तपासून घ्या. तिला खोटा मोठेपणा नको असेल.

इथे मला स्वतःबद्दल सांगायला हवं. माझी आई गेली तेव्हा वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री मी तिला चार पानं लिहिली. लिहिताना रडले, आणि वाटलं चांगलं पत्र झालं. दोन वर्षांनी ते उघडलं. पानभर ‘मी’. मी आले नाही, मी फोन केला नाही, मी उलट बोलले, मला माफ कर. चार पानांत आईने केलेली एकच गोष्ट सापडली: शाळेत जाताना खाडी ओलांडायच्या तरीत बसायची फळी ओली असे म्हणून ती मला मांडीवर घ्यायची आणि मग दिवसभर ओल्या लुगड्याने बाजारात बसायची. बाकी सगळं माझ्या अपराधाचं होतं. आभार मानायला बसलेली मी तिच्याकडून माफी मागून घेत होते, म्हणजे तेव्हाही तिच्याकडून काही घेतच होते.

तुमच्या वयाच्या, तुमच्या पिढीच्या पुरुषाला हा धोका जास्त आहे. सोळा-सतरा वर्षं लांब राहिल्याचं, बोललो नाही त्याचं, आत साठलेलं असतं, आणि कागद दिसला की तेच आधी बाहेर पडतं. ते पडू द्या, पण वेगळ्या कागदावर. त्या कागदाला हवं ते नाव द्या, त्याचं नंतर काय करायचं ते तुम्ही ठरवा. मग पोचेच्या पत्राचा कच्चा मसुदा झाला की एक साधी गोष्ट करा. पेन्सिल घ्या, ‘मी’ ने सुरू होणारी वाक्यं मोजा, ‘तू’ ने सुरू होणारी मोजा. ‘मी’ जास्त भरले तर पत्र अजून तिच्याकडे वळलेलं नाही. माफीची एक ओळ असू द्या, असायलाच हवी, पण एकच, आणि ती नेमक्या गोष्टीबद्दल. ‘सगळ्याबद्दल माफ कर’ म्हटलं की कशाबद्दलच मागितल्यासारखं होत नाही.

किती लिहायचं? दोन पानं पुरेत. गोळा केलेलं सगळं त्यात येणार नाही, येऊही नये. तीन गोष्टी घ्या. मला विचारलंत तर गाठोडी, पावतीवाचूनचं सवा वर्ष, आणि हंडे. बाकीचं पुढच्या वर्षाला राहील. पोरांची दुखणी, तुमच्या आईची शेवटची वर्षं, हे सगळं एका पत्रात कोंबलंत तर कशालाच जागा मिळणार नाही.

आता आशीर्वाद की नमस्कार. आपल्याकडे नवऱ्याने बायकोला पत्रात ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची रीत होती, आणि तुम्ही मनीऑर्डरच्या त्या दोन ओळींत बहुधा तेच लिहीत होतात. पण आशीर्वाद देणारा वर बसलेला असतो, आणि ज्याला पोच द्यायची आहे तो घेणारा आहे. म्हणून मी म्हणेन, नमस्कार लिहा. तिला संकोच वाटेल असं तुमच्या मनात येईल. पन्नासहून जास्त वर्षं सणासुदीला ती तुमच्या पाया पडली, तेव्हा तुम्हाला संकोच वाटला नाही. एकदा तिला वाटू दे. फारच जड जात असेल तर दोन्ही सोडा आणि तिला घरात हाक मारायचात तशी मारा, ‘अगं’ म्हणून. ‘कैलासवासी’ मात्र नको. ते पत्रिकेत आणि पेपरात शोभतं.

तुम्ही तिला नावाने हाक मारली नसेल. लग्नात मात्र तांदळात अंगठीने तिचं नवं नाव तुम्हीच लिहिलं असणार. तिचं माहेरचं नावही तुम्हाला माहीत आहे. पत्रात दोन्ही नावं एकदा लिहा. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारं आता बहुतेक कोणीच उरलं नसेल.

मुलाशी वाद घालू नका. भटजी जे करतात ते तिथीला, गोत्र आणि नाव घेऊन, तिच्या पुढच्या वाटेसाठी करतात. ते व्हायलाच हवं. त्यात हंड्यांना जागा नाही, तशी ती अपेक्षाही नाही. तुमचं पत्र वेगळ्या कामाचं आहे, आणि त्याला दिवसही वेगळा आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून वर्षश्राद्धाची तिथी तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना पडला असेल तर उलट, ती तारखेनंतर एकोणीसएक दिवसांनी येईल. पंचांग बघून दोन्ही दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तिथीच्या दिवशी घर भरलेलं असेल, मुंबईहून मंडळी आली असतील, वडे-खिरीचा स्वयंपाक, काकबळी, जेवणावळ. त्या गर्दीत फोटोपुढे पत्र ठेवलंत तर पहिलं ते कोणी तरी उचलून मोठ्याने वाचेल. मला वाटतं तिथी सगळ्यांची राहू द्या आणि पत्रासाठी तारीख ठेवा, ज्या दिवशी घरात तुम्ही आणि फार तर एखादं माणूस असेल. मधले दिवस लिहायला कामी येतील. तिथीला जमलेल्या माणसांकडून जे आठवणीचं निघेल तेही त्या पत्रात जाईल. तारीख आधी येत असेल तर गोळा करायला लगेच लागा, आणि तारखेला जमलं नाही तर भाद्रपदात अविधवा नवमी आहेच. ती सवाष्ण गेली, त्या दिवशी तिच्या नावाने सवाष्णीला जेवायला घालाल, ओटी भराल. त्या संध्याकाळी पत्र ठेवलंत तरी चालेल. घाईने अपुरं लिहून चैत्र गाठण्यात मला अर्थ दिसत नाही.

रात्री लिहू नका. रात्रपाळीची सवय असलेल्या माणसाला रात्र आपली वाटते, पण या कामाला ती वाईट. सकाळी चहानंतर अर्धा तास, बस्स. अडलं की उठा, कलमांत एक फेरी मारून या.

लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवा. तिला वाचता जेमतेम येत होतं असं मी तुमच्या पावत्यांवरून समजते. म्हणजे तिला आलेली पत्रं कोणी तरी वाचूनच दाखवत होतं. तसंच, आवाजात. फोटोपुढे बसून वाचा किंवा विहिरीपाशी जाऊन वाचा. मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडखळेल, जिथलं वाक्य भाषणासारखं लागेल, तिथे खूण करा आणि ते बदला. घरी चुलीपाशी बसून तुम्ही तिच्याशी जसं बोलत होतात, तुमच्याच बोलीत, तसं ते ऐकू यायला हवं.

याने मन हलकं होईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. २००५ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याचे नीट आभार कधी मानले नाहीत अशा माणसाला आठवड्याभरात पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. लिहिणाऱ्यांना त्याने बरंच बरं वाटलं आणि ते महिनाभर टिकलं. पण ते पत्र घेणारं माणूस समोर होतं. त्याने ऐकलं, बोललं, हात धरला. तुमच्या पत्राला तसं उत्तर येणार नाही, आणि त्यामुळे वाचून झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस पोकळी जास्तच जाणवेल. त्या दिवसांत एकटे राहू नका. मुलीला किंवा बहिणीला बोलावून घ्या. आणि जेवण उतरत नाही, झोप येत नाही, उठावंसं वाटत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, आत्ताही चाललं असेल, तर ते पत्राच्या आवाक्यातलं नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ हा सरकारचा मोफत फोन आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

पत्र समुद्रात सोडू नका, जाळूही नका. काही लोक तसं सुचवतील. पोच ठेवायची असते, तुम्हीच तर साठ वर्षांपूर्वीच्या ठेवल्यात. खाली तारीख घाला, गावाचं नाव घाला. आणि तिने त्या छोट्या चौकोनात जसं आपलं नाव पूर्ण लिहिलं, तसं तुमचं पूर्ण नाव लिहून सही करा. मग घडी घालून ते पत्र ट्रंकेत त्याच गठ्ठ्यात ठेवा, १९८२ च्या शेवटच्या पावतीच्या वर.